कुंताबाईचा डावा पाय

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल म्हणजे परीक्षेआधीच संपलेली परीक्षा. निदान वर्ध्याजवळच्या त्या कॉलेजात तरी तशी रीत पडली होती. लाँग केससाठी, म्हणजे पेशंट पुरा तपासून निदान मांडण्यासाठी, दवाखान्यातले जे पेशंट ठरायचे, त्यांची खबर आदल्या दोन दिवसांत पोरांना लागायची आणि मग आठ-आठ, दहा-दहा जणांचे घोळके हातोडी घेऊन त्या बिचाऱ्यांच्या खाटेभोवती जमायचे. गुडघा ठोक, पाय उचल, टाचणी टोच. पेशंट दमून जायचा, पोरं मात्र खूश होऊन परतायची. परीक्षेत जे शोधून काढायचं, ते आधीच खिशात घालून ठेवायला अक्कल लागत नाही, पाय लागतात. आणि पाय सगळ्यांनाच होते.

वल्लरीचे पाय मात्र यंदा त्या वॉर्डकडे वळले नाहीत. तिची ही दुसरी खेप होती. मागच्या वेळी तिनेही अशीच खबर काढली होती. "चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे," एवढं तिच्या कानावर पडलं आणि ती बेधडक चौथी नस दाबली गेली असं लिहून आली. पेशंटच्या पायाचा अंगठा वर उचलला जात नव्हता, पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा होता, हातोडीच्या ठोक्याला गुडघ्याचा झटका अगदी ठणठणीत येत होता. सगळा पाय पाचव्या नसेचा धडधडीत दाखला देत होता. पण कानाने डोळ्यांवर पट्टी बांधली होती. साकेत सरांनी तिला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "बाई, तू पेशंट तपासलास की वॉर्डमधल्या गप्पा?" आणि नापास केलं होतं.

ती शिकली. चौथ्या-पाचव्या मधली गादी सरकली की सहसा खाली निघालेली पाचवी नस दाबली जाते, हे तिने स्वतःच्या अपमानात भिजवून पाठ केलं. घोटून घोटून. यंदाही नापास झाली तर इंटर्नशिप पुढे, पदवी पुढे, आणि पिपरी मेघेच्या घरी दर रविवारी येणाऱ्या नातेवाइकांना "पोरीचं काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर देणारे बाबा, प्रभाकरराव, आणखी एक वर्ष पंचायत समितीतल्या टेबलाकडे बघत बसणार. तिला बाबांचा तो खाली गेलेला चेहरा सहन होत नसे. पास होणं हीच तिची आता एकमेव इच्छा होती.

दुपारी तिच्या तुकडीच्या चिठ्ठ्या काढल्या. तिच्या चिठ्ठीवर नाव आलं, कुंताबाई, रोहणा. शेजारी उभ्या असलेल्या ऋग्वेदने मान वळवून वाचलं आणि तिच्या कानाशी लागला. ऋग्वेद वर्गातला पहिला नंबर आणि खबरींचा घाऊक व्यापारी.

"अगं, नशीब काढलंस! मी सकाळी तिचीच शॉर्ट केस केली. चार-पाचची गादी, डावीकडे. पाचवी नस. अंगठा पण कमजोर आहे. डोळे झाकून लिही."

"मी विचारलं का तुला?" वल्लरी फणकारली. पण कान बंद करता येत नाहीत, हीच तर माणसाच्या रचनेतली गोची आहे. शब्द आत गेले आणि बसले.

कुंताबाई पडद्याआड खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, हातावर हिरवं गोंदण, नखांत अजूनही मेथीच्या जुड्या बांधल्याची माती. रोहण्याला दोन एकरांत भाजी पिकवायची आणि आर्वीच्या बाजारात नेऊन विकायची, असा त्यांचा पस्तीस वर्षांचा नेम. वल्लरीने नमस्कार करताच त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि आधीच हसल्या.

"ये पोरी, बस. दुखनं कंबरेपासून सुरू होते, अन् इकून बाहेरून पोटरीवरून अंगठ्यापर्यंत जाते. अंगठा सुन्न हाय. लिही."

वल्लरीचा पेन थबकला. पेशंट असं सांगत नसतात. पेशंट म्हणतात, कुठं कुठं दुखतं, तुम्हाला काय सांगू. आधी सासूचं सांगतात, मग बैलाचं, मग कंबरेचं. कुंताबाईंनी तर पुस्तकातला परिच्छेदच म्हणून दाखवला होता. तरी तिने लिहून घेतलं. लघवी-संडासवर ताबा आहे ना, बसायच्या जागेला बधिरपणा नाही ना, साखरेचा आजार नाही ना, हे सगळं रीतसर विचारलं. तिथे काही नव्हतं.

मग तिने पाय उचलून पाहिला. डावा पाय सरळ ठेवून हळूहळू वर नेला, तो अर्ध्यावर यायच्या आतच कुंताबाई ओरडल्या, "आई वं! लय दुखते!"

अंगठा वर ओढायला लावला. अंगठा आधी ताठ उभा राहिला, वल्लरीच्या बोटाला त्याने चांगला विरोध केला आणि मग मध्येच एकाएकी मान टाकली. टाचणी लावली तर अंगठ्यावर, "नाई लागत." सगळं जुळत होतं. पाचव्या नसेची ओळ तंतोतंत भरत आली होती. ऋग्वेदचा शब्दन्‌शब्द खरा.

उरला होता हातोडीचा प्रश्न. तिने कुंताबाईंना खाटेच्या कडेवर बसवलं, पाय लोंबते ठेवले आणि उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली ठोका दिला. पाय टुणकन उडाला. डाव्याला दिला. पाय हललाच नाही.

पुन्हा दिला. हलला म्हणायला हलला, पण त्याला हलणं म्हणायचं तर मोठं मन लागतं. तिने कुंताबाईंना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावली. असं केलं की लपलेला झटकाही वर येतो. उजवा आणखी उडाला. डावा तसाच मेला होता. टाचेचा झटका मात्र दोन्हीकडे सारखा, छान.

वल्लरीने हातोडी खाली ठेवली. पाचव्या नसेत गुडघ्याचा झटका जात नाही. गुडघ्याचा झटका चौथ्या नसेकडे असतो. आणि चौथी नस म्हणजे तेच उत्तर, जे मागच्या वर्षी देऊन ती घरी बसली होती. चार-पाचची गादी, उत्तर चौथी नस. साकेत सर. सगळ्यांदेखत. नको रे बाबा!

तिच्या मनाने लगेच वकिली सुरू केली. वयानुसार झटके मंद होतात. तुझा ठोका चुकला असेल. तीन लक्षणं पाचव्या नसेची, एकच चौथीची, बहुमत मान. सांगायला लाज वाटते, पण तिने कागदावर "झटके शाबूत" हे शब्द लिहायला हातही नेला होता.

तेवढ्यात कुंताबाई म्हणाल्या, "पोरी, पाणी पिऊन येतो जरा," आणि खाटेवरून उतरल्या. खाली पायरीचं लाकडी स्टूल होतं. त्यावर त्यांनी आधी डावा पाय ठेवला, आणि गुडघा असा वाकला की वल्लरीने धावत जाऊन दंड धरला.

"हा असाच दगा देते मेला," कुंताबाई सहज म्हणाल्या. "येष्टीतून उतरतानी दोनदा पडलो. गुडघ्याच्या गोया घेतल्या, काई फरक नाई." आणि बोलता बोलता त्यांनी चप्पल शोधली. अंगठ्याची चप्पल. डावा अंगठा दिमाखात वर करून त्यांनी तो पट्ट्यात सरकवला, आणि चालू लागल्या.

वल्लरी त्या अंगठ्याकडे बघत राहिली. आत्ता मान टाकणारा हाच होता!

त्या परत येऊन खाटेच्या कडेवर बसल्या तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं केलं, "तळवा बघू," आणि त्यांचा डावा पाय गुडघ्यातून पूर्ण सरळ समोर उचलला. बसलेल्या माणसाचा पाय असा सरळ केला की नसेवर तसाच ताण येतो जसा झोपून उचलल्यावर. कुंताबाईंना तळव्याची काळजी होती, ओरडायचं सुचलंच नाही.

"मावशी," वल्लरी खाली बसली आणि तिचा मघापासूनचा परीक्षेतला आवाज गळून पडला. "खरं सांगा मले. अंगठा खरंच सुन्न हाय का?"

कुंताबाईंनी पडद्याकडे बघितलं. मग आवाज खाली घेतला.

"तुले पास व्हायचं हाय ना?"

"हो."

"मंग अंगठाच लिही ना बाप्पा! परवापासून एवढे पोट्टे येऊन राह्यले. मी पह्यले खरं सांगतलं, नडगीच्या आतल्या बाजूनं लागत नाई, मांडीतून समोरून कळ येते. तं सारायचे तोंड उतरले. मंग एक जण म्हने, मावशी, अंगठा सुन्न हाय ना? म्या म्हटलं, असन. तं त्याचा चेहरा असा फुलला, जसा मायाच पोरगा पास झाला! मंग दुसऱ्यानं पाय उचलला, म्हने दुखते ना. म्या म्हटलं, दुखते. तोही खूश. मले काय, माया पाय तं दुखतेच. इकडं दुखला काय अन् तिकडं दुखला काय. लेकरायचं भलं होत असन तं काऊन नाई म्हनू?"

वल्लरीला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं. या बाईने दयेपोटी सगळ्या वर्गाचा पत्ता कापला होता! पोरांपैकी कोणी खोटं बोललं नव्हतं. सगळ्यांनी फक्त आपल्याला हवं तेच विचारलं होतं.

"मावशी, माह्या पेपर तुमी नाई लिहायचा. तुमी फक्त डोळे मिटा. मी कुठं टोचीन, कुठं नाई टोचनार, ते सांगनार नाई. टोचलं वाटलं तं हो म्हना, कापसासारखं वाटलं तं कापूस म्हना. माझ्या तोंडाकडं बघू नका."

कुंताबाईंनी डोळे मिटले. आता परीक्षा सुरू झाली, खरीखुरी. वल्लरीने कधी टाचणी लावली, कधी कापूस, कधी काहीच नाही; कधी उजवा पाय, कधी डावा. अंगठा दोन्हीकडे सारखाच तेज. पावलाची बाहेरची कड सारखी. डाव्या नडगीची आतली बाजू मात्र गुडघ्याखालून आतल्या घोट्यापर्यंत, दर वेळी टाचणीला "कापूस, कापूस". मग शक्ती. गुडघा सरळ करणं कमी, मांड्या जवळ आणणं थोडं कमी, पाऊल वर उचलणंही कमी. "मावशी, आता अंगठ्याने दया करायची नाही," म्हटल्यावर अंगठा लोखंडी खिळ्यासारखा उभा राहिला. मांडी बाहेर न्यायची ताकद पुरी, एका पायावर टाच उचलण्याची ताकदही पुरी. पालथं झोपवून गुडघा वाकवला तर मांडीत समोरून कळ गेली, आणि या वेळी कुंताबाई ओरडल्या नाहीत, नुसता श्वास ओढला. खरं दुखणं बहुधा असंच गप्प असतं.

वल्लरीने उत्तरपत्रिकेवर कोष्टक आखलं. मागच्या वर्षभर तिने ते पाठ केलं होतं, आज पहिल्यांदा ते उपयोगी पडत होतं. तिने आधी चौथी (एल ४), पाचवी (एल ५) आणि तिच्याखालची (एस १) अशा तिन्ही नसांच्या ओळी लिहिल्या, मग सगळ्यात खाली कुंताबाईंची.

| नस | बधिर पट्टा (डर्माटोम) | कमजोर हालचाल (मायोटोम) | झटका (रिफ्लेक्स) |
|---|---|---|---|
| एल ४ | नडगीची आतली बाजू, आतल्या घोट्यापर्यंत | गुडघा सरळ करणे, पाऊल वर उचलणे | गुडघ्याचा मंद |
| एल ५ | पोटरीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग, अंगठा | अंगठा वर उचलणे, मांडी बाहेर नेणे | गुडघा, टाच दोन्ही शाबूत |
| एस १ | पावलाची बाहेरची कड, करंगळी, तळवा | एका पायावर टाच उचलणे | टाचेचा मंद |
| कुंताबाई, डावा | नडगीची आतली बाजू कमी. अंगठा आणि बाहेरची कड उजव्यासारखी | गुडघा सरळ ४/५, पाऊल वर ४/५. अंगठा, मांडी बाहेर, टाच ५/५ | गुडघ्याचा फार मंद. टाचेचा सारखा |

खालची ओळ वरच्या पहिल्या ओळीला जाऊन चिकटली. तिथे वादाला जागाच नव्हती. तिने निष्कर्ष लिहिला: डावी एल ४.

परीक्षकांच्या टेबलाशी साकेत सर होते आणि बाहेरून आलेल्या उज्वला मॅडम होत्या, अकोल्याच्या. मॅडमचा हातोडीचा हात आणि जीभ दोन्ही प्रसिद्ध होती. वल्लरीने केस मांडली. निष्कर्षाला आली आणि साकेत सरांनी चष्मा काढला.

"पुन्हा एल फोर? मागच्या वर्षीही तू हेच सांगितलं होतंस ना?"

"हो सर."

"या पेशंटची गादी चार-पाचमधली आहे, हे तुला कळलं असेलच. सगळ्यांना कळतं." ते थोडे कडवट हसले. "मग नस कोणती दाबली जाणार?"

क्षणभर तिला बाबांचा चेहरा दिसला. मग तिला तो मेलेला झटका आठवला. गादी कुठलीही असो, तिने हातोडी मारली होती, पाय हलला नव्हता.

"सर, गादी मी पाहिलेली नाही. पाय पाहिलाय. गुडघ्याचा झटका नाही, गुडघा सरळ करायची ताकद कमी आहे, आतली नडगी बधिर आहे. हा पाय चौथ्या नसेचाच आहे."

"आणि सकाळच्या सगळ्यांना अंगठा बधिर सापडला, तो?"

"तो आम्हीच त्यांना शिकवला, सर."

उज्वला मॅडम उठल्या. त्यांनी वल्लरीच्या हातातली हातोडी घेतली आणि पडद्याआड गेल्या. दोन ठोक्यांचे आवाज आले. एकानंतर खाट किंचित करकरली, दुसऱ्यानंतर काहीच नाही. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही कळत नव्हतं.

"मांडीतली फिमोरल नस दाबली असेल तरी झटका जातो, आतली नडगीही बधिर होते. ती का नाही?"

"मॅडम, त्या नसेने पाऊल वर उचललं जात नाही. इथे पाऊलही कमजोर आहे. मांड्या जवळ आणणारे स्नायूही कमजोर आहेत, त्यांची नसही वेगळी. दोन-तीन वेगळ्या नसांची कामं एकदम बिघडली, म्हणजे बिघाड त्या जिथून निघतात तिथे, मुळापाशी."

"बरं. मग चार-पाचची गादी चौथी नस कशी दाबेल? उगाच साकेत सरांना नाराज करू नकोस, कारण दे."

"गादी पाठीच्या मधल्या पोकळीत, बाजूला सरकली तर खाली जाणारी पाचवी दाबते, मॅडम. पण तीच गादी पार बाहेर, कडेला सरकली, तर जिथून चौथी बाहेर पडते तिथेच तिला गाठते. नाहीतर तिसऱ्या-चौथ्यामधली गादी असेल. यातलं कोणतं, ते फोटो सांगेल. नस कोणती, ते पाय सांगतो."

मॅडमनी पेशंटची फाइल पुढे ओढली. रिपोर्टवर बोट ठेवून वाचू लागल्या. पहिली ओळ सगळ्यांनी वाचली होती: चौथ्या-पाचव्यामधली गादी सरकलेली. दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं. मॅडमनी ती मोठ्याने वाचली. डावीकडे, पार कडेला, चौथी नस बाहेर पडते त्या छिद्रात.

साकेत सरांनी चष्मा लावला, स्वतः ती ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. मग त्यांनी जे केलं, ते वल्लरी जन्मात विसरणार नाही. ते उठून उभे राहिले.

"मी पहिल्या ओळीवर थांबलो," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात कुंताबाईंना नसेजवळ सुई द्यायची ठरली आहे, चिठ्ठीत पाचवीच लिहिली आहे. मी आत्ता फोन करतो, परत तपासा म्हणून." आणि खरंच ते फोन घेऊन बाहेर गेले. मास्तर असावा तर असा, चूक कळल्यावर जागचा उठणारा.

मॅडमनी तिच्या कोष्टकाकडे पुन्हा एकदा पाहिलं. "सकाळपासून सगळ्यांनी तीच पाचवी वाढून ठेवली होती माझ्या ताटात," त्या म्हणाल्या. "जा. पास आहेस. आणि आजच्यात पहिल्या नंबरानं आहेस, ते मात्र बाहेर कोणाला सांगू नकोस."

अर्थातच तिने बाहेर पडताच सांगितलं. व्हरांड्यात उभी राहून बाबांना फोन लावला आणि "बाबा" एवढंच म्हणून रडायला लागली. प्रभाकरराव बिचारे "काय झालं? काय झालं?" करत राहिले. "पास झाले! पहिल्या नंबरानं!" ती ओरडली. पलीकडून एकदम शेजारच्या टेबलावरच्या कोणाला तरी सांगितल्याचा आवाज आला, "ऐकलं का हो, आमची पोरगी पास झाली!" एका कार्यालयात कामाच्या वेळी एवढा गलका चालत नाही, पण तेव्हा कोणाला त्याची फिकीर होती!

ऋग्वेद तोंड पाडून पायरीवर बसला होता. "अंगठा बधिर होता गं, देवाशप्पथ," तो म्हणाला. वल्लरीने त्याला समजावून सांगितलं, हसत, पण टोमणा न मारता. हरलेल्याला चिडवण्यातली गंमत तिने मागच्या वर्षी दुसऱ्या बाजूने चाखली होती.

संध्याकाळी ती कुंताबाईंना भेटायला वॉर्डात गेली. तिथे दुसऱ्या दिवशीच्या तुकडीतला एक पोट्टा हातोडी घेऊन आधीच उभा होता. त्याने लाघवी आवाजात सुरुवात केली, "मावशी, अंगठा सुन्न हाय ना?"

कुंताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, दाराशी उभ्या वल्लरीकडे पाहिलं, आणि आडव्या होऊन घट्ट डोळे मिटून घेतले.

"मी पायत नाई तुह्या तोंडाकडं," त्या म्हणाल्या. "टोच, मंग सांगतो."